दोन मिनिटांची शांतता: श्वासाचा छोटा व्हिडिओ घरच्या घरी कसा करायचा

माझी आई दादरच्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर बुधवारी जाते. तीस-पस्तीस माणसं, एक हॉल, भिंतीवर एक टीव्ही. सभेला सुरुवात करताना गप्पांचा गलका थांबावा आणि सगळ्यांनी क्षणभर शांत बसावं, यासाठी त्यांना दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता. आई म्हणाली, "अगं, तुझं कामच आहे ना आवाजाचं? मग कर की एक." मी साउंड एडिटिंग करते, त्यामुळे दोन मिनिटं म्हणजे एका संध्याकाळचं काम असं मला वाटलं. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. सामान साधं आहे: एक फोन, एक लॅपटॉप, एक परात आणि एक काशाची वाटी.

आधी "मौन" या शब्दाचं काय करायचं ते ठरवा

आपल्याकडे "दोन मिनिटं शांत उभं राहूया" म्हटलं की श्रद्धांजलीच आठवते. दरवर्षी 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता पाळली जाते. कट्ट्यावर तर वर्षात चार-पाच वेळा कुणा ना कुणासाठी उभं राहावं लागतंच. त्यामुळे पहिल्या मसुद्यात "आता आपण दोन मिनिटं मौन पाळूया" हे वाक्य आलं तेव्हा दोन काका खुर्चीतून उठायलाच लागले, आणि एका काकूंनी शेजारणीला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

म्हणून तीन गोष्टी पाळल्या. "मौन पाळणे" आणि "स्तब्धता" हे शब्द वापरले नाहीत. पहिल्याच वाक्यात "बसूया" आणलं, म्हणजे उभं राहायचा प्रश्नच उरला नाही. आणि पडद्यावर समई, निरांजन किंवा पांढरी फुलं घेतली नाहीत. समईची ज्योत दिसते सुंदर, पण आईच्या वयाच्या माणसांना तिच्यामागे फोटो दिसतो.

याच कारणाने माझं पहिलं चित्रीकरणही वाया गेलं. मी पहाटे वाळकेश्वरला बाणगंगेवर जाऊन तलावाचं पाणी टिपून आणलं होतं. संथ हिरवट पाणी, दगडी पायऱ्या, वर कोवळं ऊन. मला वाटलं, यापेक्षा शांत काय असणार? ते लावल्यावर एक आजोबा म्हणाले, "वडिलांचं श्राद्ध इथेच केलं होतं आम्ही." मग पुढचा सगळा वेळ ते वडिलांबद्दल बोलत राहिले. दृश्य निवडताना ते सुंदर आहे की नाही एवढंच पाहून भागत नाही. बघणाऱ्याला ते कुठे घेऊन जातं हेही बघावं लागतं.

परातीतलं पाणी आणि भिंतीवरचा उजेड

समुद्र घ्यायचा मोह मुंबईत प्रत्येकाला होतो. गिरगाव चौपाटीला लाट येते, फुटते, मागे जाते, आणि ते थेट श्वासासारखंच वाटतं. अडचण नेमकी तिथेच आहे. लाटेला स्वतःची लय असते आणि ती तुमच्या मोजणीशी जुळत नाही. आवाज सांगतो "बाहेर", आणि त्याच क्षणी पडद्यावर लाट अंगावर येते. अशा वेळी श्वास कुणाचं ऐकणार? माणूस अडखळतो, आणि का अडखळलो ते त्याला सांगता येत नाही. म्हणून मागचं दृश्य असं हवं की त्यात हालचाल असेल, पण मोजता येईल असा ठेका नसेल.

मी शेवटी जे वापरलं ते स्वयंपाकघरात सापडलं. सकाळी साडेआठ-नऊला आमच्या पूर्वेकडच्या खिडकीतून ऊन येतं. त्या उन्हात स्टीलची मोठी परात ठेवली आणि तिच्यात दोन बोटं पाणी घातलं. परातीच्या चकचकीत तळावरून उजेड परततो आणि वरच्या भिंतीवर किंवा छतावर हलणाऱ्या सोनेरी जाळीसारखा पडतो. पाण्याचं नाही, त्या भिंतीवरच्या उजेडाचं चित्रीकरण करायचं. ते बघून कुणाला कुठली जागा आठवत नाही, परवानगी लागत नाही, आणि कितीही वेळा पुन्हा करता येतं.

ते असं करा. पंखा बंद करा, नाहीतर पाण्यावर बारीक थरथर येते आणि उजेड चिडल्यासारखा नाचतो. घरातले दिवेही बंद करा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने अनेक एलईडी दिवे कॅमेऱ्यात लुकलुकतात, आणि दृश्य संथ केलं की ते लुकलुकणं जास्तच डोळ्यांवर येतं. फोन स्टँडवर ठेवा, स्टँड नसेल तर पुस्तकांच्या चळतीला टेकवा. मग पडद्यावर उजेडाच्या भागावर बोट दाबून धरा, म्हणजे बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही बांधले जातात. आयफोनवर `AE/AF LOCK` असं दिसतं. हे केलं नाही तर ढग आला की फोन आपणहून चित्र उजळवतो, आणि भिंत फुगल्यासारखी दिसते.

चित्रीकरण सेकंदाला 50 किंवा 60 फ्रेम्सवर करा आणि एडिटिंगमध्ये वेग निम्मा करा. माझ्या व्हिडिओला एकूण 128 सेकंद हवे होते, म्हणजे मूळ 64 सेकंद पुरले असते. मी अडीच मिनिटं सलग टिपलं आणि त्यातला सर्वांत स्वस्थ भाग घेतला. छोटा तुकडा पुन्हा पुन्हा जोडू नका. सांधा कितीही बेमालूम केला तरी तिसऱ्या वेळी डोळा तो पकडतो, आणि मग माणूस पुढच्या सांध्याची वाट बघत बसतो. पाण्याला हालचाल द्यायची तर करंगळीचं टोक काठाशी एकदाच बुडवा आणि दहा सेकंद थांबून मग रेकॉर्ड सुरू करा. आमची इमारत रुळांजवळ आहे, लोकल गेली की पाणी आपणहून हलतं. मला करंगळीची गरज पडली नाही.

पावसाळ्यात ऊन मिळणार नाही. तेव्हा खोलीत अंधार करून दुसऱ्या फोनचा टॉर्च तिरका धरा. उजेड थोडा पांढरा येतो, रंग नंतर जरा उबदार करून घेता येतो.

एक इशारा. हॉलमध्ये दिवसा उजेड असतो. घरच्या लॅपटॉपवर रात्री बघून गडद, मखमली चित्र बनवलं तर हॉलच्या टीव्हीवर काळपट चौकोनाखेरीज काहीच दिसत नाही. शिवाय गडद रंगांच्या हळुवार छटा फाइल छोटी करताना पट्ट्यापट्ट्यांच्या होतात. भिंत फिकट, उजेड त्याहून फिकट, असं ठेवलेलं बरं.

श्वासाची मोजणी

बसल्या जागी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. शांततेच्या व्हिडिओत बहुतेक जण मिनिटाला सहा श्वास धरतात, म्हणजे चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर. त्यामागचं कारण खरं आहे. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडण्याचा वेळ लांबवला की शरीर सैल पडतं. पण गप्पा मारता मारता खुर्चीत बसलेल्या सत्तरीच्या माणसाला एकदम सहावर आणलं की तो धापा टाकतो. तिसऱ्या श्वासाला खांदे वर येतात आणि कुणीतरी खोकतं. ही खूण ओळखून ठेवा: खांदे वर चढले की तुमची मोजणी त्या माणसाला लांब पडते आहे.

म्हणून उतरंड ठेवा. मी पहिले दोन श्वास 3 सेकंद आत आणि 4 बाहेर ठेवले. पुढचे दोन 4 आणि 5. पाचवा 4 आणि 6. पाच श्वासांना एकूण 42 सेकंद लागले, आणि शेवटच्या श्वासापर्यंत माणूस आपणहून संथ झालेला असतो. लहान मुलांसाठी करत असाल तर 3 आणि 4 च्या पुढे जाऊच नका. त्यांचा श्वास मुळातच जास्त जलद असतो.

श्वास रोखायला सांगू नका. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेलं कुणीतरी अशा गटात असतंच. "दीर्घ श्वास घ्या", "छाती भरून घ्या" हेही टाळा. मोठमोठे श्वास लागोपाठ घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. आपल्याला श्वास सावकाश हवा आहे, मोठा नको आहे. हा फरक तुमच्या शब्दांतून ऐकणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे.

काय बोलायचं, किती बोलायचं

डोळे मिटलेल्या माणसाला पडदा दिसत नाही. म्हणून सगळा व्हिडिओ डोळे मिटून ऐकला तरी पुरा वाटला पाहिजे, चित्र ही वरची साय. त्याच वेळी कुणालाही डोळे मिटायची सक्ती नको. काही माणसांना चार लोकांत डोळे मिटून बसलं की धाकधूक होते.

मराठीत यासाठी एक सोय आहे. "घ्या", "सोडा", "टेकवा" ही आज्ञा झाली. "येऊ द्या", "जाऊ द्या", "टेकू द्या" म्हटलं की तोच अर्थ राहतो आणि जोर निघून जातो. पी.टी.च्या तासाची आठवण येत नाही. आणि "तुम्ही"पेक्षा "आपण… बसूया" म्हटलं की बोलणारी व्यक्ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते. पण सगळीकडे "-ऊ द्या" लावलं तर तेही गुळमट होतं. श्वासाच्या ठिकाणी "आत" आणि "बाहेर" एवढेच शब्द पुरतात.

माझी पूर्ण संहिता वेळेसकट देते:

0:00 — चित्र तीन सेकंदांत हळूहळू उजळतं, पावसाचा हलका आवाज सुरू. 0:03 ला काशाच्या वाटीचा एक टोल.

0:06 — "बसल्या जागी आरामात बसूया. पाय जमिनीला टेकू द्या. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर नजर खाली असू द्या. श्वास आपल्याला सोसेल एवढाच."

0:22 — "श्वास आत…" 0:25 — "आणि बाहेर…" (3 आणि 4)

0:29 — "श्वास आत…" 0:32 — "आणि बाहेर…" (3 आणि 4)

0:36 — "आत…" 0:40 — "बाहेर…" (4 आणि 5)

0:45 — "आत…" 0:49 — "बाहेर…" (4 आणि 5)

0:54 — "आत…" 0:58 — "बाहेर…" (4 आणि 6, आवाज अगदी हळू)

1:04 — "आता श्वास त्याच्या चालीनं चालू दे. आपण नुसते बसूया."

1:10 ते 1:46 — बोलणं काहीही नाही, फक्त पाऊस.

1:46 — वाटीचा टोल.

1:51 — "हाताची बोटं हलवूया. सावकाश डोळे उघडूया."

2:00 ते 2:08 — चित्र आणि पाऊस तसेच, मग दोन्ही हळूहळू विरतात.

मधल्या रिकाम्या जागेसाठी मी आधी पूर्ण साठ सेकंद ठेवले होते. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास पायांची चुळबुळ सुरू व्हायची. छत्तीसला आणल्यावर ती थांबली. तुमच्या माणसांची मर्यादा वेगळी असेल. ती कळण्यासाठी पहिल्या वेळी पडद्याकडे नाही, पायांकडे बघा.

आवाज रेकॉर्ड करणं, मुंबईत

शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आत जो वेळ मिळतो तोच आपला स्टुडिओ. रात्री दीड ते साडेतीन धरा. त्यानंतर पाण्याचा पंप सुरू होतो, कावळे जागे होतात, दूधवाले येतात. पंखा आणि एसी बंद करा. फ्रिजही बंद करा आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सकाळी बाहेर पडताना तो पुन्हा सुरू करायची आठवण राहते.

कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. लटकलेले कपडे आवाजाचा परत येणारा घुमारा शोषून घेतात. पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, पण थेट समोर नको, गालाच्या रेषेत जरा बाजूला. समोर धरला तर "पाय" आणि "बाहेर" मधला प आणि ब फटकन फुटतो, आणि "श्वास" मधला स टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर सुरीसारखा येतो. आमच्या व्हिडिओत तो शब्द पुन्हा पुन्हा येतो, म्हणून ही काळजी आधीच घ्यायची. नंतर तो स काढणं फार कटकटीचं आहे.

रेकॉर्डिंग अॅपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असेल तर ती बंद करा. ती चालू असली की तुम्ही थांबलात की अॅप खोलीचा आवाज वर ओढतं, आणि प्रत्येक "बाहेर" नंतर हळूहळू चढत जाणारी सूं ऐकू येते. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर बोलण्याची टोकं −12 डेसिबलच्या आसपास आली की झालं.

वाचताना स्वतःही श्वास घ्या. म्हणजे "आत" म्हणायच्या आधी तुमचा श्वास सुटलेला असेल आणि शब्दानंतर तो खरंच आत जाईल. बोलणाऱ्याचा श्वास कोंडलेला असला की ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवतं. पण तुमचा श्वास माइकमध्ये ऐकू यायला नको, म्हणून शब्द झाला की तोंड बाजूला वळवा. सगळं एका दमात वाचायची गरज नाही. प्रत्येक ओळ तीनदा वाचा, शेवटची बहुधा सर्वांत चांगली असते.

वाटीसाठी पाय चोळायची काशाची वाटी घ्या. तळहात सपाट ठेवून त्यावर ती नुसती ठेवा, बोटांनी काठ धरू नका, धरला की नाद मरतो. लाकडी चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून काठाखाली हलकेच टेकवा. स्टीलची वाटी टणकन वाजते, काशाचा नाद हळूहळू विरत जातो. माझ्या वाटीचा नाद सात-आठ सेकंद टिकतो. म्हणूनच 1:46 च्या टोलानंतर पाच सेकंद मी बोलत नाही, आणि बोलू लागल्यावरही तो नाद मागे विरत असतो.

शांतता रिकामी ठेवू नका

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली, आणि आवाजाचं काम रोज करूनही झाली. पहिल्या वेळी मधल्या रिकाम्या जागेत मी आवाज पूर्ण बंद ठेवला होता. मला वाटलं, शांतता म्हणजे काहीच नाही. हॉलमध्ये लावल्यावर साधारण विसाव्या सेकंदाला मागून एका आजींचा आवाज आला, "बंद पडलं का गं?" तीसही जणांनी डोळे उघडले. कुणी टीव्हीकडे, कुणी रिमोटकडे बघायला लागलं.

कारण असं की कुठलीही खरी जागा पूर्ण मुकी नसते. स्पीकरमधून येणारा बारीक आवाज एकदम शून्यावर गेला की कानाला जागा सोडून गेल्यासारखं वाटतं, आणि माणूस सावध होतो. मग हॉलच्या पंख्यांचा घरघराट पुढे येतो आणि तोच ऐकत बसावं लागतं.

पहिला उपाय म्हणून मी माझ्याच खोलीचा एक मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड करून तो खाली पसरला. हे करावंच लागतं, कारण ओळींचे तुकडे जोडताना मधल्या फटी त्याने बुजतात. पण हॉलसाठी तो पुरेना, पंख्यांमध्ये तो हरवला. तिथे ऐकू येईल असा, तरीही ठेका नसलेला आवाज हवा होता. तो जुलैत बाल्कनीत मिळाला: झाडाच्या पानांवर पडणारा एकसारखा पाऊस. पत्र्यावरचा घेऊ नका, त्यात थेंब मोजता येतात.

पाऊस कच्चा लावला तर टीव्हीवर तो तळणीच्या कढईसारखा चरचरतो. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये तो निवडून `Low-Pass Filter` मध्ये 3000 Hz द्या. वरचा चरचराट निघून जातो आणि लांबच्या पावसासारखा मऊ आवाज उरतो. बोलण्यापेक्षा तो 22 ते 25 डेसिबलने खाली ठेवा. तपासायची रीत अशी: मुद्दाम लक्ष दिलं तर ऐकू यावा, विसरलं तर विसरता यावा. वाद्यसंगीत खाली घालू नका. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येणं कमी होतं, आणि शब्द ओळखायला लागणारी व्यंजनं तिथेच असतात. बासरीसारखं काही खाली वाजत असेल तर शब्द आधी बुडतात.

पाऊस 0:00 ला जसा सुरू होतो तसाच शेवटी विरायला लागेपर्यंत एकाच पातळीवर राहू द्या. शांततेच्या भागात तो वाढवू नका. वाढवलात तर ते पावसाचं ऐकणं होतं.

वर्तुळ, आणि जोडणी

श्वासासोबत मोठं-लहान होणारं एक फिकट, कडा पुसट असलेलं वर्तुळ मी उजेडावर ठेवलं. डाव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅमच्या मोफत आवृत्तीत वर्तुळाचं चित्र वरच्या ट्रॅकवर ठेवून `Inspector` मधल्या `Zoom` ला प्रत्येक श्वासाच्या सुरुवातीला 0.60 आणि शिखराला 1.00 असे बिंदू दिले. हे बिंदू तसेच सोडले तर वर्तुळ यंत्रासारखं चालतं आणि टोकाला ठोकर खाऊन वळतं. प्रत्येक बिंदूला `Ease In` आणि `Ease Out` दिलं की ते टोकाशी सावकाश होऊन वळतं, श्वास वळतो तसंच.

शब्द वर्तुळाच्या पाव ते अर्धा सेकंद आधी सुरू व्हायला हवा. ऐकून मग श्वास वळायला तेवढा वेळ लागतो. बरोबर एकाच क्षणी ठेवलं तर लोक दर वेळी थोडे मागे पडतात आणि पाचव्या श्वासाला घाई करतात. 1:04 ते 1:10 मध्ये वर्तुळ पूर्ण विरून जाऊ द्या. नाहीतर डोळे उघडे असलेल्यांचा श्वास पुढेही त्याच्या मागे ओढला जातो, आणि "त्याच्या चालीनं" हे वाक्य खोटं पडतं.

फाइल 1920×1080, सेकंदाला 25 फ्रेम्स, H.264, आवाज AAC 192 kbps किंवा त्याहून जास्त. मग लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये ffmpeg या प्रोग्रॅमची ही आज्ञा देऊन एकूण आवाजाची पातळी बघा:

```
ffmpeg -i shwas.mp4 -vn -af ebur128 -f null -
```

शेवटी येणारा `I:` हा आकडा −16 च्या जवळ असला की पुरे. नसेल तर एडिटिंगमध्ये जाऊन सगळा आवाज एकाच मापाने वर-खाली करा. आपोआप समतोल साधणारी सोय वापरू नका. ती शांततेच्या भागात पाऊस वर ओढते, म्हणजे आपण इतकं सांभाळलेलं तिथेच बिघडतं. टीव्हीच्या सेटिंगमध्येही कधी अशी सोय असते, तीही आधी बंद करा.

हॉलमध्ये लावताना

फाइल पेनड्राइव्हवर न्या आणि थेट टीव्हीला लावा. ऑनलाइन लावली तर शेवटच्या सेकंदाला जाहिरात किंवा पुढचा व्हिडिओ दणक्यात सुरू होऊ शकतो. शेवटचे आठ सेकंद याचसाठी ठेवले आहेत: चित्र संपून टीव्हीची यादी दिसायच्या आत रिमोट धरलेल्या माणसाला पडदा बंद करता येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर `Document` म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवली की आवाज दाबला जातो, आणि पाऊस गटारीतल्या पाण्यासारखा खळखळायला लागतो.

आधी कुणीतरी तोंडी सांगावं: गरगरलं किंवा अस्वस्थ वाटलं तर मोजणी सोडून द्या, नेहमीसारखा श्वास चालू द्या. हे व्हिडिओत घातलं तर सुरुवातच भीतीने होते, म्हणून ते माणसाने सांगितलेलं बरं.

चौथ्या बुधवारी हा व्हिडिओ लावला तेव्हा छत्तीस सेकंदांच्या मधोमध खाली रस्त्यावर बसचा हॉर्न दोनदा वाजला. कुणाचे डोळे उघडले नाहीत. मात्र 1:46 च्या टोलाला पुढच्या रांगेतल्या दोघी दचकल्या. घरी येऊन मी तो टोल 5 डेसिबलने खाली आणला आणि त्याची पहिली कड सेकंदाच्या दहाव्या भागात हळूहळू चढेल अशी केली. पुढच्या बुधवारी त्या दोघी आधी बोटं हलवत होत्या, मग डोळे उघडत होत्या.